रोमिंगचा पॅक घातला तरी अमेरिकेत रेंज नाही: निघण्याआधी फोनचे बँड कसे तपासायचे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अमेरिकेला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणाऱ्या मंडळींची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक घातला, पैसे कापले गेले, पॅक सुरू झाल्याचा मेसेजही आला. पण तिथे उतरल्यावर फोनवर ‘नो सर्व्हिस’. काहींना शहरात रेंज मिळते आणि मुलीच्या घरी पोचल्यावर जाते. काहींचं इंटरनेट चालतं, पण कॉल लागत नाही. घरी वायफाय असतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, त्यामुळे चार-आठ दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. मग आजोबा एकटे फिरायला बाहेर पडतात किंवा बँकेचा ओटीपी येत नाही, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

बहुतेक वेळा दोष सिमचा नसतो आणि पॅकचाही नसतो. तिथले टॉवर ज्या लहरींवर बोलतात त्या ऐकण्याची सोयच त्या फोनमध्ये नसते. हे निघण्याआधी घरबसल्या, एक रुपया न घालवता कळू शकतं. कसं ते अमेरिकेचं उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो, कारण इथे विकले जाणारे फोन सगळ्यात जास्त अडखळतात ते तिथेच.

पॅक वेगळा, बँड वेगळा

आपल्या सीमाभागात रोमिंग म्हटलं की पैशांचीच आठवण येते. कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेलं की सिम महाराष्ट्र सर्कलमध्ये जायचं आणि बॅलन्स कापला जायचा. चंदगड भागात तर घरात बसल्या बसल्या फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडायचा, कधी महाराष्ट्राचा. २०१७ च्या सुमारास देशातले ते रोमिंगचे दर गेले. पण या सगळ्या काळात फोनला टॉवर दिसला नाही असं कधी झालं नाही, कारण नाक्याच्या दोन्ही बाजूंना लहरी त्याच होत्या. त्यामुळे रोमिंग म्हणजे कंपनीकडून चालू करून घ्यायची गोष्ट, अशी आपली समजूत झाली.

परदेशात या गोष्टीचे दोन भाग होतात. पॅक म्हणजे तुमची कंपनी आणि तिथली कंपनी यांच्यातला करार. तिथल्या टॉवरने तुमच्या सिमला आत घ्यायचं की नाही, हे त्या करारावर ठरतं. पण आत घेण्यासाठी आधी फोनला तो टॉवर ऐकू यायला हवा, आणि फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचायला हवा. ते फोनच्या आतल्या हार्डवेअरवर अवलंबून असतं. सिम बदला, पॅक बदला, तिथलं नवं सिम घाला, फोन तोच असेल तर अडचणही तीच राहते.

मोबाइलच्या लहरींचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याला जगभर एकच क्रमांक असतो. त्यालाच बँड म्हणतात. आपल्याकडे ४जी प्रामुख्याने बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं. जिओ ३, ५ आणि ४० वापरतं, एअरटेलचा भर १, ३, ८ आणि ४० वर आहे. अमेरिकेत मुख्य बँड २, ४, ५, १२, १३, ६६ आणि ७१ आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की सामाईक काय उरतं? फक्त ५. बँड ४१ तिथल्या टी-मोबाइल या कंपनीकडे आहे, पण त्यातला बराचसा भाग आता ५जीला दिलेला आहे. फोन बनवणाऱ्या कंपनीने फक्त भारताचा विचार करून स्वस्तातला फोन काढला असेल, तर तो अमेरिकेत जवळजवळ बहिरा ठरतो.

म्हणूनच “इथे तर फोन झकास चालतो, तिथे का चालणार नाही?” या बोलण्याला अर्थ उरत नाही. टिळकवाडीत किंवा सांबरा विमानतळावर तुम्ही बँड १२ तपासूच शकत नाही, कारण तो इथल्या हवेतच नाही. या बाबतीत फोन वापरून बघण्याचा मार्ग बंद आहे. कागदावरच जुळवावं लागतं.

पहिलं काम: फोनचा नेमका मॉडेल क्रमांक

फोनचं नाव पुरेसं नाही. दुकानात ज्या नावाने फोन विकला जातो, त्याच नावाचे चार-पाच वेगवेगळे फोन जगात असतात, आणि त्यांत फरक असतो तो बँडचाच. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. तिथे ‘मॉडेल’ किंवा ‘मॉडेल नंबर’ असं लिहिलेलं असतं, तो जसाच्या तसा उतरवून घ्या. शेवटचं अक्षर अजिबात सोडू नका. सॅमसंगचा ए५४ इथे SM-A546E म्हणून येतो आणि अमेरिकेत SM-A546U म्हणून. शाओमी आणि रेडमीच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी बहुधा I असेल तर तो भारतासाठी, G असेल तर जागतिक बाजारासाठी आणि C असेल तर चीनसाठी.

आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ इथे गेल्यावर मॉडेल नंबरवर एकदा बोट ठेवा. मग A पासून सुरू होणारा आकडा दिसतो, आपल्याला हवा तो तोच. उदाहरणार्थ, भारतात विकलेला आयफोन १३ हा A2633 आहे आणि अमेरिकेतला A2482.

हा क्रमांक हातात आला की कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर त्या फोनचं पान उघडा आणि ‘नेटवर्क’ किंवा ‘कनेक्टिव्हिटी’ या भागात जा. अ‍ॅपलने तर मॉडेल क्रमांकानुसार बँडची वेगळी यादीच apple.com/iphone/cellular इथे दिली आहे. इतर कंपन्यांसाठी gsmarena.com उपयोगी पडतं. पण तिथे एकाच फोनच्या पानावर ‘इंटरनॅशनल’, ‘इंडिया’, ‘यूएसए’ अशा दोन-तीन याद्या एकाखाली एक असतात. घाईत वरची यादी वाचून लोक निश्चिंत होतात आणि हातातला फोन खालच्या यादीतला असतो. दोन ठिकाणच्या माहितीत फरक दिसला तर कंपनीच्या पानावरचंच खरं धरा.

यादी वाचताना कुठे फसायला होतं

इथे थोडं सावकाश जाऊया, कारण निम्मे लोक इथवर बरोबर येतात आणि यादी चुकीची वाचतात.

यादीत २जी, ३जी, ४जी आणि ५जी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. २जीच्या ओळीत ८५०, ९००, १८००, १९०० असे चार आकडे दिसतात. पूर्वी असा फोन जगभर चालायचा, म्हणून अजूनही काही जण ती ओळ दाखवून “सगळीकडे चालतो हो” असं सांगतात. ३जीच्या ओळीत बऱ्याचदा २ आणि ५ हे बँड असतात, तेही अमेरिकेचेच. पण अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, टी-मोबाइलने जुलै २०२२ पासून आणि व्हेरायझनने २०२२ च्या अखेरीस ३जी बंद केलं. त्यामुळे त्या ओळीतला बँड २ आज कामाचा नाही. तोच क्रमांक ४जीच्या ओळीत असेल तरच मोजायचा. त्या ओळीवर ‘एलटीई’, ‘एफडीडी’ किंवा ‘टीडीडी’ असं लिहिलेलं असतं. वरच्या दोन ओळींवर पेन्सिलीने काट मारूनच पुढे वाचा, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही.

दुसरी फसगत होते ती मेगाहर्ट्झच्या आकड्याने. “माझ्या फोनला २१०० आहे, अमेरिकेतही २१०० आहे, मग झालं की!” असं वाटतं. बहुतेक बँडमध्ये दोन पट्टे असतात, एक टॉवरकडून फोनकडे येणारा आणि एक फोनकडून टॉवरकडे जाणारा. आपल्या बँड १ मध्ये टॉवर २११० ते २१७० वर बोलतो आणि फोन १९२० ते १९८० वर उत्तर देतो. अमेरिकेच्या बँड ४ मध्ये टॉवर २११० ते २१५५ वरच बोलतो, पण फोनने उत्तर द्यायचं १७१० ते १७५५ वर. येणारा पट्टा जवळपास तोच, जाणारा अगदी वेगळा. नुसता ‘२१००’ हा आकडा वाचणाऱ्याला हे कळायचं कसं?

७०० चंही तसंच आहे. जिओच्या ५जीमुळे इथल्या बऱ्याच फोनवर n28, म्हणजे ५जीचा बँड २८, असतो आणि दुकानदार “७०० मेगाहर्ट्झ आहे” असं सांगतात. ते खरंही आहे. पण अमेरिकेचे बँड १२ आणि १३ हेही ७०० चेच म्हणवले जातात आणि तिन्हींची मांडणी वेगळी आहे. बँड २८ मध्ये टॉवर ७५८ ते ८०३ वर बोलतो, बँड १२ मध्ये ७२९ ते ७४६ वर आणि बँड १३ मध्ये ७४६ ते ७५६ वर. फोनमध्ये प्रत्येक बँडसाठी वेगळी चाळणी बसवलेली असते. ती नसेल तर आकडे कितीही जवळचे असोत, फोन त्या बँडवर चालत नाही. म्हणून मेगाहर्ट्झ बाजूला ठेवा आणि फक्त बँडचा क्रमांक जुळवा.

यात एक सवलत आहे. बँड ६६ मध्ये बँड ४ पूर्ण सामावलेला आहे. फोनच्या यादीत ६६ असेल तर ४ ची चिंता नको. उलट फक्त ४ असेल, तर ६६ चा काही भाग हाती लागणार नाही.

तिथे नक्की कोणते बँड हवेत

अमेरिकेचे सगळे बँड फोनमध्ये असण्याची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी ज्या कंपनीचं सिम वापरते आणि जिथे राहते, तेवढ्यापुरते हवेत. म्हणून आधी फोन करून विचारा की कंपनी कोणती. उत्तर ‘मिंट’ आलं तर टॉवर टी-मोबाइलचे, ‘क्रिकेट’ आलं तर एटी अँड टीचे, ‘व्हिजिबल’ आलं तर व्हेरायझनचे. या छोट्या कंपन्या मोठ्यांचेच टॉवर वापरतात. इथलंच सिम रोमिंगवर नेणार असाल तर आपल्या कंपनीच्या रोमिंगच्या पानावर अमेरिकेतली भागीदार कंपनी कोणती ते पाहा.

प्रत्येक कंपनीचे बँड दोन प्रकारचे असतात हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं. वरच्या लहरींचे बँड २, ४ आणि ६६ तिन्ही कंपन्यांकडे आहेत. ते शहरात भरपूर वेग देतात, पण लांब जात नाहीत आणि भिंतींतून आत यायला त्यांना कष्ट पडतात. खालच्या लहरी दूरवर जातात आणि घरात शिरतात. एटी अँड टीचा असा मुख्य बँड १२ आहे, व्हेरायझनचा १३ आणि टी-मोबाइलचे १२ आणि ७१. बँड ५ सुद्धा खालच्या लहरींचा आहे आणि एटी अँड टी व व्हेरायझनकडे तो बऱ्याच भागांत आहे, पण सगळीकडे असेलच असं नाही.

“विमानतळावर चालला आणि घरी गेल्यावर बंद पडला” या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. फोनमध्ये २ आणि ६६ आहेत, पण त्या कंपनीचा खालचा बँड नाही. मोठ्या शहरात दाट टॉवर असल्याने भागतं. गावाच्या कडेला, हायवेवर किंवा घराच्या तळघरात फक्त खालच्या लहरी पोचतात आणि फोन गप्प होतो. माझ्या मते वरच्यापैकी २ व ६६ आणि खालच्यापैकी त्या कंपनीचा किमान एक बँड, एवढं जुळलं तरच फोन न्यावा. फक्त वरचे जुळत असतील तर तो मुख्य फोन म्हणून मोजू नये, विशेषतः नेणारी मंडळी वयस्कर असतील तर. आणीबाणीत ९११ ला फोन लावताना तो कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, पण तो टॉवर ऐकू येणारा बँड फोनमध्ये हवाच. एकही बँड पकडत नसेल तर ९११ सुद्धा लागणार नाही.

आणखी खात्री हवी असेल तर मुलीला तिच्या घरात उभं राहून तिचा फोन कोणत्या बँडवर आहे ते बघायला सांगा. तिच्याकडे आयफोन असेल तर आधी मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये ५जी काढून फक्त एलटीई ठेवायचं, वायफाय बंद करायचं आणि डायल करायचं:

```
*3001#12345#*
```

फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. त्यात सध्या टॉवर ज्या बँडवर आहे त्याचा आकडा मिळतो. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये हेच काम `*#0011#` ने होतं. हॉलमध्ये, तुम्ही ज्या खोलीत राहणार तिथे आणि तळघरात असं तीन ठिकाणी बघितलं तर चित्र स्पष्ट होतं.

काका-काकूंच्या दोन फोनांचं उदाहरण

शहापुरातले एक काका-काकू सहा महिन्यांसाठी पेनसिल्व्हेनियात मुलीकडे निघाले होते. मुलीकडे टी-मोबाइलचा फॅमिली प्लॅन, घर गावाच्या टोकाला. तिने दोघांसाठी सिम काढून ठेवायचं ठरवलं होतं, फोन मात्र इथलेच नेणार होते. दोन्ही फोन ५जी आणि दोन्ही तसे नवेच, त्यामुळे “५जी फोन आहे, चालणारच” असं काकांचं म्हणणं.

काकांच्या फोनची ४जीची ओळ होती: १, ३, ५, ८, २८, ४०, ४१. काकूंच्या फोनची: १, २, ३, ४, ५, ७, ८, १२, १७, २०, २६, २८, ६६, ३८, ४०, ४१.

टी-मोबाइलसाठी आपल्याला शोधायचे होते २, ६६, १२ आणि ७१. काकांच्या यादीत यातला एकही नाही. उरला ४१, आणि त्याच्या भरवशावर गावाच्या टोकाचं घर सोडता येत नाही. ५जीच्या ओळीत n1, n3, n5, n8, n28, n40, n78 होते. टी-मोबाइलचं ५जी मुख्यतः n71 आणि n41 वर चालतं. म्हणजे तिथेही काही जुळलं नाही. फोनवर ‘५जी’ लिहिलेलं असणं आणि अमेरिकेतलं ५जी त्याला पकडता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काकूंच्या यादीत २, ६६ आणि १२ तिन्ही मिळाले, फक्त ७१ नाही. मुलीने घरी फील्ड टेस्टचा पडदा उघडून बघितलं. हॉलमध्ये ६६ दिसला, खाली तळघरात ७१. म्हणजे काकूंचा फोन घरात आणि बाजारात चालेल, तळघरात रेंज जाईल. तिथे वायफाय आहेच. हे आधीच माहीत असल्यावर त्याची धास्ती राहत नाही. हाच फोन व्हेरायझनवर नेला असता तर १३ नसल्याने निकाल बराच वेगळा आला असता. त्यामुळे “फलाणा फोन अमेरिकेत चालतो” असं मोघम वाक्य कुणी सांगितलं, तर कोणत्या कंपनीवर आणि कोणत्या गावात, असं विचारल्याशिवाय राहू नये.

काकांनी विचारलं, “अरे, कुणीतरी सॉफ्टवेअर टाकून बँड उघडून देतो म्हणत होता, ते करून घेऊ का?” मी त्यांना स्पष्ट नको म्हटलं. ज्या बँडची चाळणी आणि त्यामागचा भाग फोनमध्ये बसवलेलाच नाही, तो सॉफ्टवेअरने येत नाही. आणि अशा खटाटोपात फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक खराब झाला तर इथे चालणारा फोनही हातचा जाईल. काकांसाठी मुलीने तिथेच एक साधा फोन घ्यायचं ठरलं.

बँड जुळले तरी कॉलची परवानगी वेगळी

३जी बंद झाल्याने अमेरिकेत आवाजाचा कॉलही ४जीवरूनच जातो, म्हणजे व्होल्टीवरून. फोनला व्होल्टी येत असलं तरी त्या कंपनीने तुमच्या मॉडेलला ते चालू करून द्यावं लागतं. एटी अँड टीने तर चालणाऱ्या फोनांची यादीच ठरवून ठेवली आहे. बँड सगळे जुळत असूनही मॉडेल त्या यादीत नसेल तर तिचं सिम त्या फोनमध्ये नीट चालू होत नाही. व्हेरायझनही याबाबत कडक आहे.

याची तपासणीही निघण्याआधी होते. `*#06#` डायल केलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, पहिला घ्या. तो मुलीला पाठवा. तिने आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘स्वतःचा फोन आणा’ या पानावर टाकला की मॉडेल चालेल की नाही ते सांगितलं जातं. काकूंचा क्रमांक तिथे चालला. पण नुसत्या या उत्तरावर विसंबू नका, कारण तिथे ‘चालेल’ आलं म्हणजे खालचा बँडही जुळतो असं होत नाही. बँडची यादी आणि हे उत्तर, दोन्ही हवेत.

तिथे पोचल्यावर अडलंच तर

आधी पडद्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘नो सर्व्हिस’ म्हणजे फोनला कुणाचाच टॉवर ऐकू येत नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ म्हणजे टॉवर ऐकू येतोय, पण आत घेत नाहीये. या दोन शब्दांत निम्मं निदान होतं.

मग सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करा आणि शोध सुरू करा. काही मिनिटं लागतात, मध्येच थांबवू नका. फोन फक्त आपल्याजवळच्या बँडवर ऐकू आलेली नावंच दाखवतो. भरवस्तीत उभे असूनही यादी रिकामी आली, तर बँडची अडचण आहे आणि कस्टमर केअरला फोन करून काही होणार नाही. नावं दिसली, पण निवडल्यावर नकार आला, तर फोन निर्दोष आहे. पॅक, सिम किंवा कंपनीची परवानगी यांपैकी कशात तरी खोट आहे आणि तिथे कस्टमर केअरचा उपयोग होतो. पटत नसेल तर तेच सिम मुलीच्या फोनमध्ये घालून बघा, तिचा फोन कंपनीने लॉक केलेला नसेल तर. तिच्या फोनमध्ये चाललं आणि तुमच्यात नाही, म्हणजे अडचण तुमच्या फोनची.

इंटरनेट चालतंय पण कॉल लावताच तुटतो, असं असेल तर व्होल्टीचं बटण चालू आहे का ते पाहा. चालू असूनही तसंच होत असेल तर मॉडेलला परवानगी नाही असं समजा.

इतर देशांचं थोडक्यात

दुबई आणि युरोपकडे जाणाऱ्यांना एवढा त्रास होत नाही, कारण बँड ३ तिकडेही भरपूर वापरात आहे आणि तो आपल्या जवळजवळ प्रत्येक ४जी फोनमध्ये असतो. युरोपात खेडेगावात राहणार असाल तर बँड २० पण बघा, तो तिथला खालच्या लहरींचा. ऑस्ट्रेलियात ३ आणि २८ महत्त्वाचे, आणि तिथे एक वेगळी अडचण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने ३जी बंद केलं, आणि ज्या फोनवरून ४जीवर आणीबाणीचा ००० हा क्रमांक लागत नाही, त्याला सेवाच द्यायची नाही असा नियम आला. त्यामुळे तिकडे बँडइतकीच व्होल्टीची चौकशी करा.

फोन जुळत नसेल तर ओटीपीचं काय

काकांचा प्रश्न इथे येऊन अडला होता. बोलण्यासाठी तिथला फोन मिळेल, पण बेळगावच्या बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येणार आणि ते सिम ज्या फोनमध्ये आहे त्याला अमेरिकेत रेंज नाही. उपाय सरळ आहे, इथलं सिम तिथल्या फोनमध्ये घालायचं. मात्र तो फोन घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली म्हणजे तो अनलॉक्ड असावा. तिथे कंपनीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे प्रीपेड फोन बहुधा त्याच कंपनीला बांधलेले असतात आणि काही महिने दुसरं सिम घेत नाहीत. असा फोन घेतला तर आपलं सिम त्यात घालूनही उपयोग नाही. दुसरी गोष्ट सिमच्या खाचेची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या आयफोनना सिम घालायची खाचच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम, चालतं. मुलीने प्रेमाने जुना आयफोन १४ काकांना दिला, तर हातातलं सिम घालायचं कुठे?

त्यासाठी इथे असतानाच सिमचं ई-सिम करून घेता येतं. पण त्याची पक्की करण्याची प्रक्रिया त्याच नंबरवर येणाऱ्या मेसेजवर चालते. अमेरिकेत रेंज नसलेल्या फोनवर तो मेसेज येणार नाही, म्हणजे तिथे पोचून हे काम सुरू करायला गेलं तर पहिल्याच पायरीवर अडकायला होतं. म्हणून तिथे कोणता फोन मिळणार आहे ते आधी विचारून घ्या. खाचेचा असेल तर सिम तसंच न्या. बिनखाचेचा असेल आणि इथल्या फोनमध्ये ई-सिम चालत असेल, तर निघण्याआधी निदान आठवडाभर ई-सिम करून घ्या, इथेच एक ओटीपी मागवून बघा, आणि फोन बदलताना ते दुसरीकडे कसं न्यायचं हे आपल्या कंपनीच्या दुकानात विचारून घ्या. इथल्या फोनमध्ये ई-सिमच चालत नसेल, तर मुलीला खाच असलेला अनलॉक्ड फोनच बघायला सांगा. काकांसाठी शेवटी तेच केलं. त्यांचं सिम पॅकसकट त्या फोनच्या एका खाचेत आहे, दुसऱ्या सिमच्या जागी टी-मोबाइलचं ई-सिम आहे, आणि इथल्या सिमचा डेटा बंद ठेवलेला आहे, म्हणजे पॅक उगाच संपत नाही.